बोटं हलत होती, चालताही येत होतं: मुरगळलेल्या घोट्याचं एक प्रकरण

घोटा दुखावलेल्या रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. त्यामुळे ते कुणा एका व्यक्तीचं नाही, पण त्यातला प्रत्येक टप्पा खऱ्या रुग्णांच्या वाट्याला येतो.

चव्वेचाळीस वर्षांची बाई, एरवी तब्येत चांगली. संध्याकाळी जिना उतरताना शेवटची पायरी नजरेतून सुटली, उजवं पाऊल आत वळलं आणि अंगाचं सगळं वजन घोट्याच्या बाहेरच्या कडेवर आलं. कट्‌ असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. धाकटा भाऊ घरात होता. त्याने तिला उठवलं, तशी ती त्याचा हात धरून लंगडत पाच-सहा पावलं चालली आणि खुर्चीत बसली. पंधरा मिनिटांत घोट्याच्या बाहेरच्या बाजूला अंड्याएवढी सूज आली.

भाऊ म्हणाला, "ताई, बोटं हलवून बघ." बोटं हलली. "मग मुरगळलाय नुसता. मोडला असता तर हलवता आली असती का? आणि तू चालत आलीस की इथवर."

घरोघरी हाच निष्कर्ष निघतो आणि त्यातलं एकही कारण भरवशाचं नाही. पायाची बोटं हलवणारे स्नायू पोटरीत आणि नडगीच्या पुढच्या भागात असतात. त्यांच्या दोऱ्या घोट्यावरून बोटांपर्यंत जातात. घोट्याचं हाड तडकलं तरी त्या दोऱ्या शाबूत असतात, म्हणून बोटं हलतात. चालता येण्याचंही तसंच. गुडघ्याखाली दोन हाडं आहेत. आतलं जाड नडगीचं हाड अंगाचा बहुतेक भार पेलतं आणि बाहेरचं बारीक हाड त्यातला थोडाच वाटा उचलतं. घोट्याच्या बाहेरचा उंचवटा म्हणजे या बारीक हाडाचं खालचं टोक. ते जागेवरच तडकलं असेल तर माणूस दुखत-खुपत का होईना, चालू शकतो. आवाजावरूनही काही ठरत नाही, कारण हाडाला हाड जोडून ठेवणारा चिवट पट्टा, म्हणजे लिगामेंट, फाटतानाही तसाच आवाज येतो. सूज तर दोन्हींत येते आणि कधीकधी लिगामेंटच्या दुखापतीत ती फ्रॅक्चरपेक्षा मोठी दिसते.

पहिली रात्र

त्या संध्याकाळी घरात बरंच योग्य घडलं, ते आधी सांगतो. भावाने लगेच बूट-मोजा काढला. सूज वाढल्यावर तो काढणं अवघड झालं असतं. बर्फ पातळ टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं घोट्यावर ठेवला आणि झोपेपर्यंत दर दोन-तीन तासांनी तेच केलं. बर्फ थेट कातडीवर ठेवला तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून मध्ये कापड हवंच. बर्फाने मोडलेलं हाड किंवा फाटलेलं लिगामेंट लवकर जुळत नाही. दुखणं मात्र चांगलं कमी होतं आणि पहिल्या दिवशी त्यासाठीच तो वापरायचा.

पाय दोन उशांवर, म्हणजे छातीच्या पातळीपेक्षा वर राहील असा ठेवला. सूज आटोक्यात ठेवायला बर्फापेक्षाही मला हे महत्त्वाचं वाटतं. स्टुलावर पाय टेकवून खुर्चीत बसलं की पाय वर घेतल्यासारखा वाटतो, पण तो छातीच्या खालीच राहतो आणि पाणी खाली उतरतच राहतं. आडवं पडून पाय उशांवर घ्यायला हवा.

क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून वर पोटरीपर्यंत गुंडाळलं आणि बोटं उघडी ठेवली. फक्त घोट्यावर आवळून बांधलं तर खालचं पाऊल फुगतं. बांधल्यावर बोटांना मुंग्या आल्या, ती निळसर किंवा गार पडली, तर बँडेज सोडून पुन्हा सैल बांधायचं. झोपताना ते काढलेलं बरं.

दुखण्यावर तिने पॅरासिटामॉल घेतली. मोठ्या माणसाला एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये ४ ते ६ तासांचं अंतर आणि २४ तासांत एकूण ४ ग्रॅमच्या आत, हा सर्वसाधारण हिशेब आहे. लिव्हरचा आजार असेल, वजन फार कमी असेल किंवा दारूचं नियमित सेवन असेल तर मर्यादा यापेक्षा खाली येते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची.

एक गोष्ट होता होता राहिली. शेजारून कुणीतरी तेल घेऊन आलं आणि चोळून, शेकून देतो म्हणालं. तिने नको म्हटलं, तेही दुखतंय म्हणून. चोळल्याने आणि शेकल्याने पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तस्राव आणि सूज वाढते. हाड तडकलेलं असेल तर चोळता-ओढताना जागेवर असलेले तुकडे सरकू शकतात. कुणी "बसवून देतो" म्हणत पाऊल पिरगाळलं, तर साध्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन लागणारं फ्रॅक्चर व्हायला वेळ लागत नाही.

सकाळपर्यंत थांबणं तिच्या बाबतीत चाललं. पाऊल वाकडं दिसत असतं, कातडी फाटून जखम झाली असती, पाऊल गार-पांढरं पडलं असतं किंवा त्यातली जाणीव गेली असती, तर एक तासही थांबायचं नव्हतं. अशा वेळी पाय आहे त्याच स्थितीत उशी किंवा जाड पुठ्ठ्याने आधार देऊन बांधायचा आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. ऑपरेशन किंवा भूल लागू शकते, म्हणून वाटेत खायला-प्यायला देऊ नये.

चार पावलं आणि एक बोट

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात पोचली तेव्हा सूज पावलाच्या वरच्या भागापर्यंत उतरली होती आणि टाचेजवळ जांभळट डाग दिसत होता. डॉक्टरांनी एक्स-रेचा कागद लिहिण्याआधी दोन गोष्टी केल्या.

आधी तिला चार पावलं टाकायला सांगितलं. लंगडत टाकली तरी चालतात, अट एवढीच की दोन्ही पायांवर दोनदा वजन घेता आलं पाहिजे. तिला ते जमलं.

मग त्यांनी एका बोटाने दाबून पाहिलं. आधी दुखत नसलेल्या ठिकाणापासून सुरुवात केली: गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला, मग पोटरीवरून खाली. घोटा पिरगळताना कधीकधी ते बारीक हाड वर गुडघ्याजवळ मोडतं आणि सगळ्यांचं लक्ष खाली असल्याने सुटून जातं, म्हणून सुरुवात तिथून करायची. तिथे काही नव्हतं. मग बाहेरच्या उंचवट्याच्या पुढची, जरा खालची मऊ खोलगट जागा दाबली. "इथे?" दुखलं. मग उंचवट्याची मागची कड, टोकापासून वर साधारण ६ सेंटीमीटरपर्यंत, हळूहळू दाबत नेली. टोकाच्या थोडं वर बोट आलं आणि ती कळवळली.

"इथे जास्त?"

"तिथेच. आधीचं सहन होत होतं."

या दोन चाचण्या मनाने केलेल्या नाहीत. कॅनडातल्या ओटावा इथे डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली हे निकष मांडले आणि आज ते ओटावा निकष म्हणून जगभर वापरले जातात. घोट्याच्या आजूबाजूला दुखत असून बाहेरच्या किंवा आतल्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर वा टोकावर हाड दाबल्यावर दुखत असेल, किंवा इजा झाल्याबरोबर आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. पावलाचाही असाच नियम आहे. करंगळीच्या रेषेत मागे, पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर एक हाडाचा उंचवटा लागतो. तो, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दुखत असेल, तर पावलाचा एक्स-रे.

मागचीच कड का, हे समजलं की सगळं लक्षात राहतं. घोटा आत वळतो तेव्हा बहुतेक वेळा जे लिगामेंट ताणलं वा फाटलं जातं, ते बाहेरच्या उंचवट्याच्या पुढच्या बाजूला जोडलेलं असतं. त्यामुळे पुढे दाबलं की साध्या मुरगळण्यातही दुखणारच. मागच्या कडेला ते लिगामेंट नाही. तिथे थेट हाडावर दाबून दुखत असेल तर संशय हाडावर जातो.

या निकषांची ताकद "फ्रॅक्चर नाही" हे सांगण्यात आहे. सगळं नकारार्थी आलं तर फ्रॅक्चर सुटून जाण्याची शक्यता फारच कमी असते. होकारार्थी आलं म्हणून मात्र हाड मोडलंच असं नाही, कारण एक्स-रे काढलेल्यांपैकी पुष्कळांना फ्रॅक्चर नसतं. आणि काही जणांत ही पद्धत वापरूच नये: अगदी लहान मुलं, नशेत असलेला माणूस, मधुमेहामुळे किंवा आणखी कशाने पायाची जाणीव कमी झालेली व्यक्ती, दुसरीकडे मोठी इजा असलेला रुग्ण, किंवा सूज इतकी की हाड बोटाला लागतच नाही. वाढत्या वयाच्या मुलांत आणखी एक अडचण असते. त्यांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा मऊ पट्टा असतो आणि तो लिगामेंटपेक्षा आधी दगा देतो. म्हणून मुलाचा घोटा हाडावर दुखत असेल तर "मुरगळला असेल" म्हणून सोडू नये.

आमच्या रुग्णाला चालता येत होतं, पण मागच्या कडेवरचं दुखणं पुरेसं होतं. एक्स-रेत बाहेरच्या हाडाला सांध्याच्या पातळीवर तिरकी चीर दिसली. तुकडे सरकलेले नव्हते. आतल्या बाजूला दाबून दुखत नव्हतं आणि सांध्यातली फट सगळीकडून सारखी होती. म्हणजे फ्रॅक्चर स्थिर दिसत होतं आणि ऑपरेशनची गरज नव्हती.

हाच एक्स-रे स्वच्छ आला असता तर उपचार वेगळे झाले असते. मुरगळलेला घोटा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवायचा नसतो. दोन-तीन दिवसांनी दुखणं सहन होईल तितकी हालचाल सुरू करायची, पट्टा किंवा ब्रेस लावून वजन टाकायला लागायचं आणि सूज उतरली की एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम करायचे. हे व्यायाम टाळले की तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. आठवडा-दहा दिवसांनीही वजन टाकता येत नसेल तर एक्स-रे स्वच्छ असला तरी परत दाखवायचं. काही बारीक फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत दिसत नाहीत.

कच्चं प्लास्टर आणि दुसरी रात्र

सूज अजून वाढणार होती, म्हणून डॉक्टरांनी पूर्ण प्लास्टर घातलं नाही. पोटरीच्या मागून टाचेखाली आणि तळव्यापर्यंत अर्धगोल स्लॅब, म्हणजे ज्याला आपण कच्चं प्लास्टर म्हणतो ते, कापसाच्या थरावर ठेवून वरून बँडेज गुंडाळलं. पुढची बाजू मऊ राहिली की सुजेला पसरायला जागा मिळते. इजेनंतर साधारण दोन-तीन दिवस सूज वाढत जाते. या काळात चहूबाजूंनी घट्ट कवच घातलं तर ती आतच दाबली जाते.

घरी जाताना सांगितलं होतं: पाय छातीच्या वर, बोटं दर तासाला हलवायची, पायावर वजन नाही, कुबड्या घ्यायच्या. पहिला दिवस तिने हे पाळलं. दुसऱ्या दिवशी भेटायला माणसं आली आणि ती दुपारपासून खुर्चीत पाय खाली सोडून बसली. रात्री साडेदहाला दुखणं वाढायला लागलं. तिने गोळी घेतली. तासाभराने ते कमी व्हायचं सोडून वाढलं होतं. आता दुखणं घोट्यात राहिलं नव्हतं. सगळा पाय आतून फुटतोय असं वाटत होतं. बोटांना आणि पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येत होत्या.

भावाने टॉर्च लावून बघितलं. बोटं गुलाबी होती, कोमट होती. अंगठ्याचं नख दाबून सोडलं तर दोन सेकंदांच्या आत रंग परत येत होता. "रक्त चाललंय नीट. सकाळी बघू," असं म्हणायला तो निघाला होता.

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे.

पायातले स्नायू न ताणल्या जाणाऱ्या पातळ आवरणांच्या कप्प्यांत बसलेले असतात. सूज वाढली आणि बाहेरून बँडेज-प्लास्टरनेही अडवलं, तर कप्प्यातला दाब चढतो. सगळ्यात आधी बंद पडतात त्या स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या, कारण त्यांच्यातला दाब फार कमी असतो. मोठी धमनी मात्र त्यापेक्षा कितीतरी जास्त दाबाने वाहते, म्हणून पावलाची नाडी लागते, बोटं गुलाबी राहतात, नखाचा रंग परत येतो आणि त्याच वेळी आत स्नायू गुदमरत असतात. बोटं पांढरी-गार पडेपर्यंत थांबणारा माणूस फार उशिरा पोचतो. रक्तपुरवठा तुटल्यावर सुमारे सहा तासांत स्नायू आणि नसांचं कायमचं नुकसान सुरू होऊ शकतं. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात.

म्हणून प्लास्टरनंतर दुखणं कोणत्या दिशेला चाललंय ते बघायचं. फ्रॅक्चर दुखतंच, पण आधार मिळाल्यावर ते दिवसागणिक कमी व्हायला हवं. पाय वर घेतल्यावर आणि गोळी घेतल्यावर उतार पडायला हवा. तसं न होता ते चढत असेल, आणि त्याबरोबर मुंग्या, बधिरपणा, पोटरी दगडासारखी कडक लागणं किंवा कुणी बोटं हलकेच वर-खाली केली तरी असह्य कळ येणं यांतलं काही असेल, तर ती रात्रच आणीबाणीची आहे. दुसरी गोळी, जास्त जोराची गोळी घेऊन झोपायचा प्रयत्न करू नये. दुखणं झाकलं जाईल, दाब तसाच राहील.

नुसतं जरा घट्ट वाटत असेल, बधिरपणा नसेल, तर अर्धा-एक तास आडवं पडून पाय वर ठेवून, बोटं हलवत बघायला हरकत नाही. सुटलं तर ठीक. मुंग्या आणि वाढतं दुखणं एकत्र असताना हा अर्धा तासही घालवू नये.

बहिणीने हट्ट धरला आणि भावाने हॉस्पिटलला फोन लावला. तिकडून दोन प्रश्न आले: दुखणं गोळीनंतर कमी झालं की वाढलं, आणि बोटांवर हलका हात फिरवला तर दुसऱ्या पायाइतकंच कळतंय का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तेव्हा लगेच या म्हणून सांगितलं. येईपर्यंत काही खाऊ नका, हेही. हॉस्पिटल लांब असेल तर कच्च्या प्लास्टरचं वरचं बँडेज सैल करायचं का, हे अशा फोनवर जरूर विचारावं. स्लॅब जागेवर ठेवून ते करता येतं. पक्कं प्लास्टर मात्र घरी सुरी-कात्रीने कापायला जाऊ नये.

तिथे डॉक्टरांनी आधी बँडेज वरपासून खालपर्यंत उभं कापलं. नुसतं वरचं बँडेज नाही, आतला कापसाचा थरही कातडी दिसेपर्यंत. हे मुद्दाम सांगतो, कारण घट्ट गुंडाळलेला किंवा रक्त-पाण्याने भिजून वाळलेला कापूसही पट्ट्यासारखा आवळतो आणि तो न कापता वरचंच उघडलं तर दाब पुरता सुटत नाही. पाय आता छातीच्या पातळीवर ठेवला, उंच नाही. एरवी आपण पाय वर घ्या म्हणतो, पण कप्प्यातला दाब वाढल्याचा संशय असताना पाय फार उंच केला तर आधीच अडलेल्या स्नायूंपर्यंत रक्त चढणं आणखी कठीण होतं.

वीस-पंचवीस मिनिटांत तिचा चेहरा बदलला. मुंग्या ओसरल्या, पोटरी हाताला मऊ लागली, बोटं वर-खाली केल्यावर कळ आली नाही. म्हणजे प्रकार बँडेज आवळण्यावरच थांबला होता. डॉक्टरांनी तरीही काही तास तिथेच ठेवून पुन्हा पुन्हा तपासलं आणि मगच सैल बँडेज बांधून घरी सोडलं. बँडेज सोडूनही दुखणं उतरलं नसतं, तर कप्प्यातला दाब मोजणं आणि गरज पडल्यास ऑपरेशन करून ती आवरणं उघडणं हे त्याच रात्री करावं लागलं असतं.

पक्कं प्लास्टर

आठवड्याने सूज उतरली. उभं करून, पायावर वजन देऊन पुन्हा एक्स-रे काढला. सांध्याची फट वजनाखालीही रुंदावली नव्हती, म्हणजे फ्रॅक्चर खरोखर स्थिर होतं. अशा वेळी काढता-घालता येणारा वॉकिंग बूटही चालतो. तिच्या बाबतीत गुडघ्याखालचं पक्कं प्लास्टर ठरलं.

पांढरं प्लास्टर वीस मिनिटांत कडक लागतं, पण आतपर्यंत वाळायला दोन दिवस लागतात. तोवर ते बोटांनी धरायचं नाही, तळहातांवर उचलायचं. टाच टेबलाच्या किंवा पलंगाच्या कडेवर टेकवायची नाही. ओल्या प्लास्टरला पडलेला खळगा आतून कातडीवर टोचत राहतो. हेअर ड्रायरच्या गरम हवेने वाळवू नये, बाहेरून वाळतं, आत ओल राहते आणि कातडी भाजू शकते. फायबरचं प्लास्टर तासाभरात तयार होतं आणि हलकं असतं. त्याचं कवच पाण्याने विरघळत नसलं तरी आतला कापूस भिजतोच, त्यामुळे अंघोळीच्या वेळी पिशवी त्यालाही हवी. कापूस भिजला तर तो वाळत नाही, कातडी पांढुरकी होऊन सोलते. प्लास्टर बदलून घ्यावं लागतं.

खाज सगळ्यांनाच येते. आत पट्टी, पेन किंवा विणकामाची सुई घालायची नाही. खरचटलेली कातडी प्लास्टरखाली कुणाला दिसत नाही आणि तिथे पू धरतो. पावडरही आत टाकू नये, तिचे गोळे होतात. ड्रायरची थंड हवा वरच्या कडेतून सोडली किंवा बाहेरून हलकं थोपटलं तर बरं वाटतं.

तिसऱ्या आठवड्यात तिला टाचेच्या मागे एका ठरावीक जागी जळजळ सुरू झाली. दोन दिवस होती आणि तिसऱ्या दिवशी आपोआप कमी झाली. तिला वाटलं, बरं झालं. सुदैवाने फोनवर दुसरंच काही विचारताना तिने ते सांगितलं आणि तिला लगेच बोलावून घेतलं. एकाच ठिकाणी जळजळणारं दुखणं म्हणजे तिथे प्लास्टर कातडीला दाबतंय. ते नाहीसं होणं ही नेहमीच चांगली बातमी नसते, कारण दाबाने कातडीचा तो भाग मरू लागला की त्यातली जाणीवही जाते. डॉक्टरांनी टाचेवर प्लास्टरला चौकोनी खिडकी कापली. कातडी लालभडक होती, फाटलेली नव्हती. मऊ थर घालून कापलेला तुकडा पुन्हा जागेवर बसवून बांधला. खिडकी उघडी ठेवली असती तर तेवढ्याच भागातून कातडी फुगून बाहेर आली असती आणि कडांवर नवी जखम झाली असती.

प्लास्टरमधून कुबट वास येणं, बाहेर ओलसर डाग उमटणं किंवा ताप येणं यांचा अर्थही आत जखम असू शकते. पावलाच्या वरच्या भागाची जाणीव गेली आणि पाऊल किंवा अंगठा वर उचलता येईना, तर गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जाणारी नस प्लास्टरच्या वरच्या कडेखाली दबलेली असू शकते. तेही त्याच दिवशी दाखवायचं. उलट सूज उतरून प्लास्टर इतकं सैल झालं की आत पाय फिरतो, तर दुखत नसलं तरी बदलून घ्यावं. सैल प्लास्टर हाड धरून ठेवत नाही.

प्लास्टर निघाल्यावर

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं. कापण्याच्या यंत्राचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. त्यामुळे कडक कवच कापलं जातं आणि मऊ कातडी सहसा वाचते. पातं तापतं मात्र, म्हणून चटका लागतोय असं वाटलं तर गप्प बसू नये, थांबवायला सांगावं.

खालचा पाय बारीक झालेला, कातडी कोरडी आणि खपल्या धरलेली, घोटा आखडलेला होता. एक्स-रेत हाड जुळताना दिसत होतं. तिला कोमट पाण्यात पाय बुडवून घोटा वर-खाली करणं, टॉवेलने पाऊल आपल्याकडे ओढणं आणि नंतर आधाराला धरून एका पायावर उभं राहणं असे व्यायाम दिले. संध्याकाळी घोट्याला सूज येणं काही महिने चालू राहू शकतं. रात्रभर पाय वर ठेवून ती सकाळपर्यंत उतरत असेल तर काळजी नाही.

ज्या सुजेची काळजी करायची ती वेगळी असते. प्लास्टरमध्ये पाय स्थिर राहिल्याने पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, प्लास्टर असताना किंवा ते निघाल्यानंतरच्या आठवड्यांतही. एकाच पायाची पोटरी दुखरी, गरम, लालसर होते आणि सूज सकाळीही उतरत नाही. पूर्वी गुठळी झालेली असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील, गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोन चालू असतील, तर प्लास्टर घालतानाच डॉक्टरांना सांगायला हवं, कारण अशांना रक्त पातळ ठेवणारं औषध आधीपासून द्यावं लागू शकतं. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर अचानक धाप लागते, श्वास घेताना छातीत दुखतं, कधी थुंकीतून रक्त पडतं. तेव्हा प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांची वेळ मिळण्याची वाट न बघता थेट अँब्युलन्स बोलवायची.

आमच्या रुग्णाला यातलं काही झालं नाही. प्लास्टर निघाल्यावर महिन्याभराने ती कठड्याला न धरता जिना उतरत होती. एका पायावर उभं राहण्याचा व्यायाम तिला आणखी दोन महिने चालू ठेवायला सांगितला आहे.